अर्ज आणि शोरील : ज्युनिअर अ‍ॅनिमेटरचे पत्र कसे लिहावे?



पत्रलेखनात आपण नोकरीचा अर्ज शिकतो. मायना, विषय, शिक्षण, अनुभव, सही, झाला अर्ज. पण काही कामांत पदवीपेक्षा हातचे काम आधी बघितले जाते. अ‍ॅनिमेशन हे तसेच काम आहे. इथे अर्जासोबत शोरील द्यावे लागते. शोरील म्हणजे आपल्या निवडक शॉट्सचा छोटा व्हिडिओ. पत्र आणि शोरील एकमेकांना कसे जोडायचे, एवढेच आज पाहू. असे पत्र बऱ्याचदा इंग्रजीत ई-मेलने जाते, पण कच्चा मसुदा आधी मराठीत केला की आपल्याला नक्की काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होते.

आधी जाहिरात वाचा

समजा जाहिरात अशी आहे : "मुलांच्या थ्रीडी मालिकेसाठी ज्युनिअर कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर पाहिजे. माया सॉफ्टवेअर येणे आवश्यक. शरीराचे वजन आणि हालचाल यांची समज हवी. लिप-सिंक जमले पाहिजे. आठवड्याला २० सेकंद काम अपेक्षित."

यातली प्रत्येक मागणी वहीत एकाखाली एक लिहा आणि समोर आपला शॉट लिहा. ज्या मागणीसमोर शॉट नाही, तिथे जागा कोरी सोडा. ज्या शॉटसमोर मागणी नाही, तो या शोरीलमधून काढा. तुम्ही घराचे सुंदर मॉडेल केले असेल, छान लायटिंग केले असेल, पण या जाहिरातीत पात्र हलवणारा माणूस हवा आहे. असे शॉट काढल्यावर अडीच मिनिटांचे शोरील एका मिनिटाच्या आत आले तरी चालते. बघणाऱ्यापुढे अशी बरीच शोरील्स असतात, म्हणून सगळ्यात चांगला शॉट पहिला ठेवा.

नमुना पत्र

प्रति,
मा. अ‍ॅनिमेशन सुपरवायझर,
क्ष य झ स्टुडिओ, पुणे.

विषय : ज्युनिअर कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर पदासाठी अर्ज (सोबत ५२ सेकंदांचे शोरील)

महोदय / महोदया,

आपल्या मुलांच्या थ्रीडी मालिकेसाठीची जाहिरात वाचून हा अर्ज करीत आहे. शोरीलमधील सर्व अ‍ॅनिमेशन मायामध्ये केले आहे. पात्रांचे मॉडेल आणि रिग तयार मिळालेले आहेत, ते माझे काम नाही.

वजन आणि हालचालीसाठी कृपया ० ते १४ सेकंद पाहावे. हमाल धान्याचे पोते पाठीवर घेतो. त्यासाठी मी स्वतः पोते उचलतानाचा व्हिडिओ काढून तो संदर्भ म्हणून वापरला.

लिप-सिंकसाठी १४ ते ३० सेकंद पाहावे. आजी आणि नात यांचा संवाद आहे. यातील आजी मी केली आहे, नात माझ्या वर्गमित्राने केली आहे.

३० ते ४२ सेकंदांचा मांजरांच्या पाठलागाचा शॉट चार दिवसांत पूर्ण केला. म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याला माझा आजचा वेग सुमारे १५ सेकंद आहे, आपली अपेक्षा २० सेकंदांची आहे. या शॉटमध्ये मुख्य पोझ पुन्हा बदलण्यात एक दिवस गेला. आता मी आधी कागदावर छोटी चित्रे काढून पोझ ठरवतो.

शेवटच्या १० सेकंदांत एकच शॉट शिक्षकांच्या सूचनेआधीचा आणि नंतरचा असा दाखवला आहे.

आपण चाचणीसाठी शॉट दिल्यास ठरलेल्या मुदतीत करून देईन.

आपला विश्वासू,
अ. ब. क.

हे पत्र असे का लिहिले?

पहिली गोष्ट म्हणजे सेकंद. "माझे शोरील पाहावे" असे लिहिले की वाचणाऱ्याला सगळे शोधावे लागते. "० ते १४ सेकंद" लिहिले की तो थेट तिथे जातो. नंतर शोरीलमध्ये काही कापले किंवा पुढेमागे केले, तर पत्रातले सेकंद चुकतात. मग लिप-सिंकच्या जागी मांजर पळताना दिसते! म्हणून शोरील पक्के झाल्यावर पत्रातली वेळ पुन्हा तपासायची.

दुसरी गोष्ट, कोणते काम कोणाचे. रिग म्हणजे पात्राच्या आतला हाडांचा सांगाडा आणि तो हलवायच्या कळा. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारखेच समजा. बाहुली दुसऱ्याने बनवली आणि नाचवली तुम्ही, यात कमीपणा काहीच नाही. पण ते सांगितले नाही तर गडबड होते. तोच आजी-नातीचा शॉट वर्गमित्राच्या शोरीलमध्येही असणार. एकाच स्टुडिओत दोघांचे अर्ज गेले आणि दोघांनीही पूर्ण शॉट आपलाच म्हटला, तर दोघांवरचाही विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि हीच सर्वांत अवघड. हिशोब करू. १२ सेकंद चार दिवसांत, म्हणजे दिवसाला ३ सेकंद, पाच दिवसांत १५. टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर १५ सेकंदांच्या ३७५ फ्रेम होतात आणि २० सेकंदांच्या ५००. फरक लहान नाही. तो लपवावासा वाटेल. पण स्टुडिओने मुदतीची चाचणी दिली की खरा वेग कळतोच. तिथे सुटलात तरी पहिल्या आठवड्यात कळेल, आणि तुमचे उरलेले शॉट दुसऱ्या कोणाला तरी रात्री बसून करावे लागतील. म्हणून आकडा खरा द्यायचा, वेळ कुठे गेला ते सांगायचे आणि त्यावर काय बदल केला तेही सांगायचे. यामुळे निवड होईलच असे नाही. वीस सेकंद लगेच हवे असतील तर ते नाही म्हणतील, आणि ते योग्यच आहे.

पत्र सांगते ते शॉटमध्ये दिसते का?

"वजनाची समज आहे" असे लिहिण्याआधी शॉट आवाज बंद करून एकेक फ्रेम पुढे नेत पाहा. पोते उचलण्याआधी हमालाची कंबर खाली जाते का? पोते पाठीवर आल्यावर गुडघे किंचित दबतात का? हे नसेल तर पोते कापसाचे वाटते. जमिनीवर टेकलेला पाय घसरत असेल तर तेही लगेच दिसते. असा दोष असेल तर आधी शॉट सुधारा, किंवा तो दावा पत्रातून काढा. दुबळ्या शॉटला चांगले पत्र वाचवू शकत नाही.

शेवटी लिंक दुसऱ्याच्या मोबाईलवर, लॉगिन न करता उघडून पाहा. परवानगी मागणारी खिडकी आली, तर तुमचे शोरील कोणी पाहणारच नाही.

सरावासाठी

१) जाहिरातीत लिप-सिंकऐवजी "चार पायांच्या प्राण्यांची चाल" मागितली आहे. वरच्या शोरीलमधला कोणता शॉट पहिला येईल? पत्राचा कोणता परिच्छेद बदलेल?

२) "मी मेहनती असून मला अ‍ॅनिमेशनची आवड आहे." या वाक्याच्या जागी शोरीलमधल्या एखाद्या शॉटवर बोट ठेवणारे वाक्य लिहा.