कोड चालतो, उत्तर चुकतं



पायथॉनचे व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण स्वाध्यायाला बसलीस की हात चालत नाही, असं तू म्हणालीस. यादीतली दुसरी सर्वांत मोठी संख्या काढायच्या उदाहरणावर तू आठवडाभर अडली आहेस. तुझा कोड मी पाहिला. तू जवळ पोचली आहेस.

```python
a = [12, 19, 7]
m = s = 0
for x in a:
    if x > m:
        m = x
    elif x > s:
        s = x
print(s)
```

उत्तर 12 यायला हवं, येतं 7. एररची लाल ओळ दिसत नाही, त्यामुळे चूक कुठे शोधायची तेच कळत नाही. अशा वेळी स्क्रीनकडे टक लावून बसण्यापेक्षा वही घे आणि ड्राय रन कर. x, m आणि s असे तीन रकाने आख. पहिल्या फेरीत x 12, म्हणून m 12 झाला, s शून्यच. दुसऱ्या फेरीत x 19. m मध्ये 19 आला आणि आधीचे 12 पुसले गेले, ते कुठेच ठेवले नाहीत. तिसऱ्या फेरीत 7 सरळ s मध्ये जाऊन बसले. `m = x` च्या आधी `s = m` लिहिलंस की 12 वाचतात. ही ओळ नंतर लिहिलीस तर मात्र दोन्हीत 19 येतील. तेही वहीवर करून बघ.

तुझ्या आधीच्या [12, 19, 7, 15] या यादीवर हाच चुकीचा कोड 15 हे बरोबर उत्तर देतो. एका यादीवर जमलं म्हणून मी सहसा विश्वास ठेवत नाही, तूही ठेवू नकोस.

रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं दे. सुरुवातीला कालचंच उदाहरण रिकाम्या फाइलमध्ये, न बघता लिही. ते येत नसेल तर नवीन घेऊच नकोस. येत असेल तर त्यातच एक बदल कर: तिसरी मोठी संख्या काढ, किंवा एकच संख्या दोनदा दे. ड्राय रन करूनही दहा मिनिटं पुढे सरकलं नाही तर उत्तर बघायला हरकत नाही. पण ते बंद करून पुन्हा स्वतः लिही. नुसतं वाचलेलं उत्तर आपल्याला येतंय असंच वाटत राहतं, आणि कॅम्पस मुलाखतीत कोरा कागद समोर आला की खरं काय ते कळतं.

आईबाबांनाही हे पत्र दाखव. त्यांनी ‘किती धडे झाले?’ असं विचारण्याऐवजी रात्री वहीतला तक्ता बघायला मागावा. पायथॉन येत नसलं तरी रकाने भरलेत की नाही हे त्यांना दिसेल.

उद्यासाठी: दुरुस्त केलेल्या कोडला [-3, -8, -5] ही यादी दे. उत्तर 0 येईल, आणि 0 तर यादीतच नाही. m आणि s ची सुरुवात कशाने करायची, ते आधी वहीत ठरव.

तुझे सर