जुन्या वाड्यात खोली बघताना

अंबाजोगाईला कॉलेजजवळच्या खोल्या परवडेनात की पोरं जुन्या गावातल्या वाड्यांकडं वळतात. तूही वळ, पण भाड्याची घासाघीस करण्याआधी घराचं वय विचार.

मालक म्हणेल, "आजोबांच्या वेळचं आहे." तेवढ्यावर थांबू नकोस, घरपट्टीची आकारणी बघायला माग. खेड्यात असशील तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 बघ. आणि खरा प्रश्न पुढं विचार: वरचा मजला कधी चढवला? खाली दगडमातीची भिंत आणि वर सिमेंटचा स्लॅब असेल, तर वरचा मजला कितीही नवा दिसला तरी तो उभा त्या जुन्या भिंतीवरच आहे.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशाच दगडमातीच्या भिंतींनी माणसं गाडली. भिंत दोन फूट रुंद असली तरी ती एकसंध नसते. आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मधे माती-गोटे. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले, की हादऱ्यात ते सुटे होतात. वर माळवदाचं ओझं असतं. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं पांढरी माती टाकत गेले, की थर दोन फुटांवर जातो. दहा बाय बाराच्या खोलीवर एवढी माती म्हणजे दहा टनांच्या पुढं वजन, आणि पावसात भिजली की आणखी जास्त. ज्या घरांत माळवद लाकडी खांब-तुळयांवर तोललेलं होतं, तिथं भिंती पडूनही छत पुष्कळदा उभं राहिलं. म्हणून खांब आहेत का, की तुळई नुसती भिंतीत खुपसलीय, हे आधी बघ.

भिंतीला पोट आलंय का, ते तिला डोळा लावून लांबीनं बघ. शंका आली तर ओळंबा सोड. भिंतीवर टिचकी मारून पोकळ वाजलं, तर गिलाव्याखाली सुटलेलं आहे. कोपऱ्यातली भेग वर रुंद, खाली अरुंद असेल तर भिंती एकमेकींपासून सुटतायत. तुळई भिंतीत जाते तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. सहज आत गेला तर लाकूड वाळवीनं खाल्लंय किंवा कुजलंय. खोलीला नुकताच रंग दिलेला असेल तर खोली सोडून जिना आणि संडासाची भिंत बघ, तिथं कुणी रंग देत नाही.

आता आगीचं. बहुतेक वाड्यांना एकच जिना, त्याच्या बुडाशी मीटरं आणि मोटारसायकली. आग बहुधा लागणार तिथंच. म्हणून गच्चीचं दार उघडून दाखवायला सांग आणि तिथून शेजारच्या गच्चीवर जाता येतं का, ते स्वतः जाऊन बघ. खिडकीला सगळे पक्के गज असतील, तर एक झडप आतून उघडणारी करून माग. हे करारात लिहून घे, तोंडी नको.

गच्चीची किल्ली मालकाकडंच राहील असं म्हणाला, तर भाडं कितीही कमी असो, ती खोली घेऊ नकोस.