जेवणानंतर एक तासाने आणि चार तासांनी

आमच्या घरी साखरेची वही मी ठेवते. ह्यांना मधुमेह होऊन पंधरा वर्षं उलटली. दोन्ही जेवणांआधी ते इन्सुलिन घेतात, आणि बोट टोचून आलेला आकडा मी वेळेसकट वहीत लिहिते. सफरचंदाच्या व्हिनेगरने काय केलं, हे आम्हाला कळलं ते या सवयीमुळेच.

सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी ते सुरू केलं होतं. साखर उतरते, पोट कमी होतं, जेवणाआधी दोन चमचे पाण्यातून घ्या, असं त्यांनी सांगितलं. ह्यांनीही सुरू केलं. पहिले काही दिवस जेवणानंतर एक तासाने तपासलेली साखर खरोखरच कमी आली, आणि घरात सगळ्यांनाच आनंद झाला.

मग एका दुपारी वरण-भात, पोळी, भाजी असं नेहमीचं जेवण झालं. ताटावरून उठून तास होत नाही तोच ह्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळायला लागलं. साखर तपासली तर ६१. भरल्या पोटी ६१! ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तरी आकडा जेमतेम ६६. पुन्हा पावडर दिली, तेव्हा कुठे हळूहळू चढली. आणि संध्याकाळी, मध्ये काहीही खाल्लेलं नसताना, साखर २४८.

मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पान पाहिलं आणि साखरेबद्दल काही न विचारता पोटाबद्दल विचारलं. "चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं का? दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत छातीशी बसून राहतं का? ढेकरांना जेवणाचा वास येतो का?" तिन्ही गोष्टी बरेच दिवस होत होत्या. आम्ही त्या वयाच्या खात्यात टाकल्या होत्या. मधुमेहाने जशा पायाच्या नसा बधिर होतात, तशीच जठराला हालचाल करायला लावणारी नसही कमजोर होऊ शकते. मग अन्न जठरातून पुढे आतड्यात उशिरा उतरतं. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. आणि व्हिनेगरही जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं.

सगळा उलगडा इथे होतो. पोळी-भातातली साखर रक्तात येते ती आतड्यातून, जठरातून नाही. जठराने अन्न रोखून धरलं की पहिल्या तासात साखर कमी दिसते. पण ती नाहीशी झालेली नसते, मागे अडकलेली असते. टोचलेलं इन्सुलिन मात्र ठरल्या वेळी कामाला लागतं. ते आलं आणि अन्न आलंच नाही, म्हणून साखर ६१ झाली. इन्सुलिनचा जोर ओसरल्यावर अन्न उतरलं, म्हणून २४८. ग्लुकोजच्या पाण्याला वेळ का लागला, तेही यातच आलं. त्यालाही त्याच जठरातून जायचं होतं.

त्यानंतर मी या विषयावरचे प्रयोग मिळतील तसे वाचून काढले. व्हिनेगरच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जातो तो अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा २००४ सालचा प्रयोग. कॅरल जॉन्स्टन यांच्या गटाने २९ जणांना मैद्याचा बेगल, लोणी आणि संत्र्याचा रस दिला, आणि त्याआधी २० ग्रॅम व्हिनेगर पाण्यातून दिलं. ज्यांना मधुमेह नव्हता पण इन्सुलिन नीट लागू पडत नव्हतं, त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम ३४ टक्क्यांनी सुधारलेला दिसला. मधुमेहींमध्ये १९ टक्क्यांनी. प्रयोग खरा आहे. पण रक्त तपासलं ते जेवणानंतर एका तासापर्यंतच. आमच्या वहीतही एका तासाचा आकडा छानच होता.

दुसरा प्रयोग स्वीडनमधल्या माल्मोचा, २००७ सालचा. इन्सुलिन घेणारे आणि जठर आधीच मंदावलेले असे दहा रुग्ण होते. त्यांना तांदळाची खीर दिली, एकदा साध्या पाण्याबरोबर आणि एकदा ३० मिलिलिटर सफरचंदाचं व्हिनेगर घातलेल्या पाण्याबरोबर, आणि सोनोग्राफीने जठर किती रिकामं होतंय ते मोजलं. रिकामं होण्याचं मधलं प्रमाण २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलं. रुग्ण दहाच होते, तरी आमच्यासारख्या घरांसाठी हा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो.

मग उपयोग काहीच नाही का? थोडा आहे. जेवण मैद्याचं किंवा बटाट्याचं असेल तर साखरेचं शिखर काहीसं बुटकं होतं. जाडसर, कोंड्यासकटच्या धान्याबरोबर तोही फरक दिसला नाही, असं ग्रीसमधल्या एका छोट्या प्रयोगात आढळलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी जॉन्स्टन यांच्याच २००९ च्या प्रयोगात बारा आठवड्यांनी ०.१६ इतकं उतरलं. एचबीएवनसी आठ असेल, तर ते ७.८४ होणार. एवढ्यावर कुणाचीही गोळी बंद होत नाही. आणि जे काही घडतं ते ॲसिटिक आम्लामुळे. ते गोव्यातल्या माडीच्या व्हिनेगरमध्येही असतं, त्यामुळे सफरचंदासाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण मला दिसत नाही.

वजनाचं म्हणाल तर २००९ साली जपानमध्ये लठ्ठ व्यक्तींवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. रोज १५ मिलिलिटर घेणाऱ्यांचं वजन सरासरी १.२ किलोने, ३० मिलिलिटर घेणाऱ्यांचं १.९ किलोने उतरलं, आणि व्हिनेगर बंद केल्यावर चार आठवड्यांत परत चढू लागलं. संशोधक व्हिनेगर तयार करणाऱ्या कंपनीचेच होते. सहा ते आठ किलो उतरल्याचा जो प्रयोग अजूनही लोक एकमेकांना पाठवतात, तो लेबनॉनचा, २०२४ साली छापून आलेला. त्यातले आकडे शक्यतेच्या पलीकडचे आहेत आणि मूळ नोंदी भरवशाच्या नाहीत, असं आढळल्यावर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बीएमजे गटाने तो मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र फिरायला येणाऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

आम्ही व्हिनेगर थांबवलं. डॉक्टरांनी इन्सुलिनची वेळ आणि मात्रा नव्याने बसवली, दुपारचं जेवण दोन भागांत विभागलं. त्यानंतर जेवणापाठोपाठ साखर उतरल्याची नोंद वहीत नाही.

तुमच्या घरी कुणी व्हिनेगर घेत असेल, तर एका तासाच्या आकड्यावर थांबू नका. तीन आणि चार तासांनीही तपासा. पहिला आकडा कमी आणि नंतरचा चढा असेल, तर साखर नुसती पुढे ढकलली जात आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, जेवण पोटात रेंगाळत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्हिनेगर घेऊच नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही आधी विचारावं, कारण व्हिनेगरच्या अतिरेकाने पोटॅशियम घटल्याची नोंद आहे. नुसतं, पाण्याशिवाय तर कुणीच पिऊ नये; दातांवरचं कवच झिजतं आणि अन्ननलिका भाजते. आणि कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी चालू औषध आपल्या मनाने सोडू नका.