बोक्याला दूध सोसत नाही, मग काय द्यावे?

प्रश्न : आमचा बोका चार वर्षांचा, चार किलोचा. पाणी फारसे पीत नाही म्हणून रोज वाटीभर गायीचे दूध देतो. दोन-तीन तासांनी पोट गुरगुरते, पातळ शी होते. दूध भेसळीचे असेल का?
— एक वाचक, देवनार

उत्तर : दूधवाल्याला दोष देऊ नका. पिल्लू आईचे दूध सोडते, तसे दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे विकर त्याच्या आतड्यात कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि तिथले जिवाणू ती आंबवतात. म्हणून गुरगुर आणि जुलाब. पाणी मिळावे म्हणून दिलेले दूधच अंगातले पाणी घालवते! दूध पातळ केले तरी वाटीभर दिल्यावर साखर पोटात जातेच. काही मांजरांना थोडे दूध पचते; तुमच्या बोक्याला नाही, एवढे स्पष्ट आहे.

चार किलोच्या बोक्याला अन्नातले धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागते. कोरड्या खाद्यात ते जेमतेम दहा टक्के, पाऊचमधल्या ओल्या खाद्यात पाऊणहून अधिक. म्हणून एक वेळचे खाद्य हळूहळू ओले करा. चिकन नुसत्या पाण्यात उकडून ते कोमट पाणी दोन-तीन चमचे खाद्यावर घाला. त्यात मीठ नको. कांदा-लसूण तर मांजराला विषारीच. पाण्याचे भांडे पसरट हवे, शीच्या ट्रेपासून लांब.

दूध थांबवूनही जुलाब दोन दिवसांत न थांबल्यास, किंवा त्याने खाणे सोडल्यास, पशुवैद्याला दाखवा. बोका कुंथतोय पण लघवी होत नाही, असे दिसले तर मात्र त्याच क्षणी निघा. परळच्या बाई साकरबाई पशुरुग्णालयासारखे ठिकाण गाठा.