साफ केलेला फोटो आणि सोसायटीची नोटीस

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर मी सचिव म्हणून लावलेली नोटीस वाचून पहिली प्रतिक्रिया आली ती अशी, ‘आता गणपतीच्या शुभेच्छाही तुम्हाला विचारून पाठवायच्या का?’ नाही. शुभेच्छांचं चित्र एआयने केलं असेल तर खाली तसं लिहा, एवढंच त्यात म्हटलं आहे. नोटिशीचा खरा रोख दुसरीकडे होता.

पार्किंगमधल्या एका गाडीला रात्री कुणीतरी स्कूटर घासून गेलं. सीसीटीव्हीत स्कूटर दिसत होती, पण नंबरप्लेटच्या जागी पांढरा डाग. बी विंगमधल्या एका उत्साही काकांनी पडद्यावरच्या त्या चित्राचा मोबाइलने फोटो काढला, एका ॲपमधून ‘क्लिअर’ करून घेतला आणि ग्रुपवर टाकला. आता स्कूटर निळी दिसत होती आणि तिचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलाची स्कूटर निळीच, आणि नंबरातही एका आकड्याचाच फरक. अर्ध्या तासात ‘भाडेकरू ठेवतानाच चौकशी करायला हवी’ इथवर चर्चा पोचली. तो बिचारा ऑफिसात होता.

संध्याकाळी मी त्याला आणि काकांना डीव्हीआरसमोर बसवलं. अंधारात हे कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाशावर चालतात आणि चित्र कृष्णधवल येतं. मग स्कूटर निळी कुठून झाली? ॲपने रंग मनाने भरला होता. नंबरप्लेटचा पृष्ठभाग प्रकाश परतवणारा असतो, त्यामुळे इन्फ्रारेडच्या झोतात ती पांढरीफटक पडते. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते कुठलंही ॲप परत आणू शकत नाही. ते फक्त ‘अशा जागी सहसा काय असतं’ याचा अंदाज बांधून चित्र रंगवतं. ३ आणि ८, ६ आणि ० यांच्यात तर अंदाज कुठेही झुकू शकतो.

सगळ्यात बोलका पुरावा मागच्या भिंतीवर होता. तिथे आमचाच फलक आहे, ‘येथे वाहने लावू नयेत’. मूळ चित्रात तो पुसट का होईना, वाचता येत होता. साफ केलेल्या फोटोत त्याच जागी देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी होतं, पण त्यातलं एकही अक्षर धड नव्हतं. काका ते बघून गप्पच झाले. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो की फोटोतला संशयाचा भाग नंतर बघा, आधी आपल्याला पाठ असलेली पाटी, जाळी किंवा पायरी शोधा. ती बिघडली असेल तर नंबरावरही विश्वास नको. मात्र पाटी ठीक दिसली म्हणून नंबर खरा, असं उलट धरून चालू नका.

मुलाची सुटका दुसऱ्या कॅमेऱ्याने केली. दोन्ही कॅमेरे एकाच डीव्हीआरला जोडलेले, म्हणजे घड्याळ एकच. गाडी घासली त्या मिनिटाला त्याची स्कूटर आपल्या जागी उभी होती.

नोटिशीतलं मुख्य कलम त्यामुळे असं आहे: ‘तक्रारीसोबत मूळ फोटो किंवा चित्रण द्यावे. उजेड वाढवणे चालेल. कापलेला फोटो टाकल्यास तारीख-वेळेसह पूर्ण चित्रही द्यावे. एआयने स्पष्ट केलेला, रंगवलेला किंवा तयार केलेला फोटो तक्रारीत वापरू नये.’ मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली वेळेची छुपी नोंदही जाते. ओळखता येईल असा चेहरा किंवा नंबर असेल तर फोटो ग्रुपवर न टाकता समितीकडे द्यायचा. मुलांच्या फोटोंची कार्टून करण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारायचं, हे एका वहिनींच्या आग्रहाने आलं, आणि बरं झालं.

कच्च्या मसुद्यात कुणीतरी पाचशे रुपये दंड घातला होता. तो मी काढला. पोटनियमांचा आधार आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी नसताना सचिवाने दंड लावायचा नसतो. ग्रुपच्या ॲडमिनना वेगळीच धास्ती होती. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. टाकणारा मात्र बदनामीच्या तक्रारीतून सुटत नाही.

ॲडमिनला सदस्याची पोस्ट सगळ्यांसाठी काढता येते, पण ज्यांच्या फोनमध्ये फोटो उतरला त्यांच्याकडे तो राहतोच. म्हणून काढण्याआधी वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट समितीने ठेवायचा, आणि खुलासा त्याच ग्रुपवर, ज्याने फोटो टाकला त्यानेच लिहायचा. काकांनी तो लिहिला. थोडी कुरकुर केली, पण लिहिला.

एका बाबतीत मात्र घाई करा. हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर जुन्या चित्रणावरच नवं चढवतो. काही घडलं तर त्याच दिवशी समितीला लेखी कळवा आणि तेवढा भाग पेनड्राइव्हवर काढून घ्यायला सांगा. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो त्याची जागा घेऊ शकत नाही.