लपलेला दरवाजा

(किल्ला पाहताना आपण उंच तट पाहतो, तोफा पाहतो, पण दरवाज्यासमोर फार वेळ थांबत नाही. या पाठात रायगडाच्या महादरवाज्याची एक खास रचना समजावून सांगितली आहे. ती तशी का केली, हे वाचा.)

मुलांनो, तुम्ही कामोठ्याला राहत असाल, तर तुमचा जिल्हा रायगड आहे. ज्या किल्ल्यावरून जिल्ह्याला हे नाव मिळाले, तो किल्ला तुम्ही पाहिला आहे का? नसेल, तर आज आपण तेथे जाऊ या. आपल्याला सगळा किल्ला पाहायचा नाही. फक्त एक दरवाजा पाहायचा आहे, आणि त्या दरवाज्यातली एकच गोष्ट.

सकाळी लवकर निघा. पनवेल मागे पडले, की मुंबई-गोवा महामार्ग कर्नाळ्याच्या जंगलातून जातो. तेथे डोंगराच्या माथ्यावर अंगठ्यासारखा एक सुळका दिसतो. तो कर्नाळा किल्ला. पुढे पेण, माणगाव ही गावे लागतात. मग महाडकडून पाचाडला पोहोचायचे. पाचाड हे रायगडाच्या पायथ्याचे गाव. आता वर जायला दोरीवरची पाळण्याची गाडी, म्हणजे रोपवे आहे. पण आपण पायऱ्यांनी चढू. पाळण्यातून गेलेल्या माणसाला आपला दरवाजा वाटेत भेटत नाही.

पायऱ्या चढताना अधूनमधून वर पाहत राहा. बराच वेळ चढल्यावर काळ्या दगडाचा तट दिसू लागेल. त्यात दोन प्रचंड बुरूज दिसतील. एक सुमारे ७५ फूट आणि दुसरा सुमारे ६५ फूट उंच आहे, असे सांगतात. आता थांबा आणि शोधा. दरवाजा कुठे आहे?

तो दिसणार नाही. तट दिसतो, बुरूज दिसतात, वाट दिसते, पण दरवाजा मात्र दिसत नाही. तुम्ही तटाच्या अगदी खालून चालत राहता. मग वाट वळते आणि दोन बुरुजांच्या मधल्या खोबणीत शिरते. तेथे गेल्यावर एकदम समोर भव्य कमान उभी राहते. हाच रायगडाचा महादरवाजा. कमानीवर दोन बाजूंना दगडात कोरलेली दोन कमळे आहेत.

दरवाजा असा बुरुजांच्या आड लपवण्याच्या रचनेला 'गोमुखी' रचना म्हणतात. गोमुख म्हणजे गायीचे तोंड. रायगड बांधण्याचे काम हिरोजी इंदुलकर यांनी केले. ६ जून १६७४ रोजी याच गडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. राजधानीचा मुख्य दरवाजा तर सर्वांना दिसेल असा, दिमाखात उभा असायला हवा. मग हिरोजींनी तो लपवला का?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी एक साधी गोष्ट समजून घ्या. तट दगडाचा असतो. दरवाजा लाकडाचा असतो. दगड जळत नाही, लाकूड जळते. दगडी तट फोडायला फार दिवस लागतात; लाकडी फळ्या कुऱ्हाडीने तोडता येतात, सुरुंगाच्या दारूने उडवता येतात. म्हणजे दरवाजा हे तटातले एक भोकच आहे. लोकांना ये-जा करायची असते, धान्य वर न्यायचे असते, म्हणून ते भोक ठेवावेच लागते. ते बुजवता येत नाही. मग निदान शत्रूला तेथपर्यंत नीट पोहोचता येऊ नये, अशी सोय करावी लागते.

आता तुम्ही शत्रूचे सैनिक आहात, असे समजा. तुमच्याजवळ तोफ आहे. तोफेचा गोळा दूरवरून येतो, पण तो कोपऱ्यावर वळत नाही. दरवाजा समोर दिसला, तरच त्यावर नेम धरता येतो. येथे दरवाज्यापुढे बुरूज आडवा आला आहे. तुमचा गोळा बुरुजावर आदळेल. बुरूज भरीव आणि गोल आहे. गोलाकार भिंतीवर तिरका बसलेला गोळा बाजूला घसरतो आणि त्याचा जोर कमी होतो.

तोफेने काम झाले नाही, म्हणून तुम्ही एक जाड ओंडका आणला. वीस माणसांनी तो खांद्यावर घेऊन लांबून धावत यायचे आणि दारावर आदळायचा. पण धावणार कुठून? शेवटच्या वळणानंतर दारासमोर मोकळी जागा थोडीच आहे. लांब ओंडका त्या वळणावर अडकतो. तो कसाबसा फिरवला, तरी धाव घ्यायला अंतर उरत नाही. धाव नाही, तर जोर नाही.

आता तिसरी गोष्ट पाहा, आणि हीच सर्वांत भयंकर. तुम्ही खोबणीत शिरला आहात. समोर बंद दरवाजा आहे. दोन्ही बाजूंना उंच बुरूज आहेत. तटात उतरती भोके ठेवलेली आहेत. त्यांना 'जंग्या' म्हणतात. आतला सैनिक त्यांतून खाली बाण किंवा गोळी मारू शकतो. खालच्या माणसाला तो दिसत नाही. तुमचे सैन्य हजाराचे असले, तरी या अरुंद जागेत थोडीच माणसे मावतात. बाकीचे मागे पायऱ्यांवर खोळंबून राहतात. पुढच्यांना मागे फिरायचे असले, तरी मागून येणारे त्यांना फिरू देत नाहीत. म्हणजे वर पहाऱ्यावर मोजकीच माणसे असली, तरी ती मोठ्या फौजेला रोखून धरू शकतात.

हे वाचून पटत नसेल, तर शाळेच्या मैदानावर करून पाहा. खडूने दोन पावले रुंदीचा 'दरवाजा' आखा. दहा पावलांवरून त्यात दहा वेळा चेंडू घरंगळत सोडा. बहुतेक चेंडू आत जातील. आता दरवाज्यापासून दीड पाऊल पुढे दप्तरांची एक आडवी रांग लावा. ती समोरून दरवाजा पूर्ण झाकेल एवढी लांब असू द्या. एका बाजूने दप्तरांची दुसरी रांग लावून तेथून जायचा मार्ग बंद करा. दुसरी बाजू फक्त उघडी ठेवा. पुन्हा त्याच जागेवरून चेंडू सोडा. आता एकही चेंडू सरळ आत जाणार नाही. मग दोन मित्रांना एक लांब बांबू घेऊन उघड्या बाजूने दरवाज्याकडे जायला सांगा. वळणावर त्यांची काय गंमत होते, ते पाहा.

ही युक्ती एकट्या रायगडाची नाही. आपल्याच जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रात जंजिरा किल्ला आहे. तो सिद्दी राजांचा होता. त्याचा मुख्य दरवाजाही दोन बुरुजांच्या मधे असा लपला आहे, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. मराठे आणि सिद्दी एकमेकांचे शत्रू होते. पण दोघांनाही दरवाज्याची भीती सारखीच होती. उलट, पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा. तो सपाट जमिनीवर आहे आणि समोरून स्पष्ट दिसतो. तेथे लपवण्याऐवजी दाराच्या फळ्यांवर मोठे अणकुचीदार खिळे ठोकले आहेत. हत्तीने धडक मारू नये, म्हणून ते आहेत. रायगडाच्या चढावर हत्तीची धडक बसण्याची भीती कमी. जशी जागा, तसा उपाय.

शिवाजी महाराजांच्या काळातला हा अनुभव पुढे लिहूनही ठेवला गेला. रामचंद्रपंत अमात्य यांचा 'आज्ञापत्र' नावाचा ग्रंथ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. दरवाजा खालच्या माऱ्यातून वाचेल असा बांधावा, त्याच्या पुढे बुरूज द्यावा आणि येण्याजाण्याची वाट बुरुजांच्या माऱ्यात ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. तुम्ही आत्ता महादरवाज्यात जे पाहिले, तेच हे नियम आहेत.

मग रायगड कधीच शत्रूच्या हाती गेला नाही का? गेला. १८१८ साली इंग्रजांनी गडाला वेढा घातला. त्यांचा अधिकारी होता कर्नल प्रॉथर. त्या वेळी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई गडावर होत्या. इंग्रजांनी महादरवाज्याशी झुंज घेतली नाही. त्यांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि तेथून उंच उडणारे स्फोटक गोळे गडावर टाकले. हे गोळे तटावरून, बुरुजांवरून पलीकडे जाऊन पडत होते. वर मोठी आग लागली, वाडे जळाले. मे महिन्यात गडावरील लोकांनी तह करून गड सोडला.

गोमुखी दरवाजा त्या दिवशी चुकला नव्हता. तो सरळ येणाऱ्या गोळ्यासाठी आणि पायी येणाऱ्या शत्रूसाठी बांधला होता. गोळा आभाळातून येऊ लागला, तेव्हा दरवाजा कितीही लपवला तरी उपयोग नव्हता. शस्त्र बदलले, की जुनी ढाल अपुरी पडते.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत रायगड आहे. आता कोठलाही जुना किल्ला पाहायला जाल, तेव्हा एक सवय लावून घ्या. दरवाजा पडलेला असला, कमान ढासळलेली असली, तरी वाटेकडे पाहा. दरवाजा किती पावलांवरून दिसू लागतो, ते मोजा. शेवटी वाट वळते का? वळणावर आपल्या अंगावर येणारा बुरूज आहे का? तसे असेल, तर तेथे दार लपवले होते, हे ओळखा.

आणि रायगड उतरताना महादरवाज्यातून बाहेर पडा, वळणावरून थोडे खाली या आणि मागे वळून पाहा. आत्ताच तुम्ही ज्यातून बाहेर आलात, तो एवढा मोठा दरवाजा कुठेच दिसणार नाही.

शब्दार्थ

तट – किल्ल्याभोवतीची जाड भिंत
बुरूज – तटातला पुढे आलेला, बहुधा गोल, भरीव भाग
खोबण – आत गेलेली अरुंद जागा
ओंडका – झाडाच्या खोडाचा मोठा तुकडा
जंग्या – मारा करण्यासाठी तटात ठेवलेली भोके
अणकुचीदार – टोकदार
वेढा घालणे – चारी बाजूंनी घेरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रायगडाच्या पायथ्याचे गाव कोणते?
(आ) 'गोमुखी' रचना कशाला म्हणतात?
(इ) शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर खिळे का ठोकले आहेत?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'दरवाजा हे तटातले एक भोकच आहे,' असे लेखकाने का म्हटले आहे?
(आ) ओंडका घेऊन आलेले सैनिक महादरवाज्यापुढे का अडतात?
(इ) १८१८ साली गोमुखी रचनेचा उपयोग का झाला नाही?

३. किल्ला, दरवाजा, बुरूज, फौज हे शब्द तुम्ही उर्दूतही वापरता. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा. ते उर्दूत कसे लिहितात, ते वहीत लिहा आणि प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

४. पाठात सांगितलेला मैदानावरचा प्रयोग करा. दोन्ही वेळा किती चेंडू आत गेले, ते लिहा.