१ जूनचे वाढदिवस

प्रश्न : आमच्याकडे ६०० कर्मचारी आहेत. वाढदिवसाचा ईमेल छापील वाटू नये म्हणून काय करावे?
– मनुष्यबळ अधिकारी, मस्तगड, जालना

उत्तर : आधी तारखा तपासा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून हीच अनेकांची कागदोपत्री जन्मतारीख असते. त्या दिवशी शेजारी बसणाऱ्यांना एकच मजकूर मिळतो आणि साचा उघडा पडतो. खरी तारीख विचारून वेगळ्या रकान्यात ठेवा. पीएफच्या नोंदीला हात लावू नका.

मेल मर्जच्या तक्त्यात आणखी एक रकाना घाला. त्यात सुपरवायझरने आठवडाभर आधी एक ओळ लिहावी : ‘रात्रपाळीत बंद पडलेली मोटर तुम्ही पहाटेपर्यंत चालू केलीत.’ ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ असली विशेषणे कुणालाही चिकटतात, म्हणून घडलेली गोष्टच हवी. रकाना रिकामा असेल, तर मेल आपोआप जाऊ देऊ नका. सुपरवायझरला फोन करा.